डोक्याच्या जागी थैली

राजकीय व्यंगचित्र पाहताना आधी विचारा: यातली कोणती अतिशयोक्ती माणूस ओळखू यावा म्हणून आहे आणि कोणती आरोप करते? अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नास्टने १८७१ मध्ये न्यूयॉर्कचा पुढारी बॉस ट्वीड काढला. चेहराच नाही, डोक्याच्या जागी पैशांची थैली! तरी अवाढव्य पोट आणि शर्टावरचा हिरा पाहून लोकांनी त्याला ओळखलं. म्हणजे पोट ही फक्त खूण. आरोप थैलीत आहे, आणि थैलीवरचं डॉलरचं चिन्हच नाक-डोळ्यांचं काम करतं. मग चित्राखालची ओळ वाचा. तिथे या थैलीला पक्षाच्या अधिवेशनातल्या विजयामागचा ‘मेंदू’ म्हटलंय, म्हणजे विजय अकलेचा नव्हे, पैशाचा. शंका वाटली तर मनातल्या मनात थैली काढून साधं डोकं बसवा. टीका तिथेच संपते.