या चुका टाळा : चुकून पडलेले क्लिक आणि ‘यशस्वी’ जाहिरात मोहीम

घरसजावटीचे दिवे ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानदार बाईंनी एका महिन्यात दोन जाहिरात मोहिमा सारख्याच खर्चात चालवल्या. शोध परिणामांत दिसणाऱ्या सर्च मोहिमेला ६०० क्लिक मिळाले, तर इतर संकेतस्थळांवर आणि मोबाइल अ‍ॅपमध्ये चित्ररूपाने दिसणाऱ्या डिस्प्ले मोहिमेला ४,२०० मिळाले. एका क्लिकचा खर्च सातपटीने कमी पडत असल्याचे पाहून त्यांनी पुढील महिन्याचे बहुतेक पैसे डिस्प्लेकडे वळवण्याचे ठरवले होते. तेवढ्यात त्यांनी ऑर्डरची वही उघडली. सर्चमधून १८ ऑर्डर आल्या होत्या आणि डिस्प्लेमधून ३.

पहिली चूक इथेच झाली होती. जाहिरातीच्या अहवालात डिस्प्ले मोहिमेपुढे २,७०० कन्व्हर्जन, म्हणजे जाहिरातदाराने यश म्हणून ठरवलेल्या कृती, दिसत होती, कारण ‘वस्तूचे पान उघडले’ या कृतीलाच त्यांनी कन्व्हर्जन ठरवले होते. जाहिरातीवरून ग्राहक थेट त्याच पानावर उतरत असल्याने पान उघडणारा प्रत्येक जण यश म्हणून मोजला जात होता. नुकसान केवळ मोजणीपुरते राहिले नाही. जाहिरातीच्या जागेसाठी स्वयंचलित बोली लावणारी यंत्रणा जिथे कन्व्हर्जन स्वस्तात मिळते तिथे अधिक जाहिराती दाखवते, त्यामुळे जिथे लोकांचे बोट चुकून जाहिरातीवर पडत होते तीच ठिकाणे तिला उत्तम वाटू लागली.

क्लिक चुकून पडत असल्याची खूण क्लिक आणि सेशन, म्हणजे नोंदलेल्या भेटी, यांच्या तफावतीत होती. ४,२०० क्लिकांपैकी केवळ २,७०० वेळा पान पूर्ण उघडून भेटीची नोंद झाली होती. चुकून जाहिरातीवर गेलेला माणूस पान उघडण्याआधीच मागे फिरतो, म्हणून असे होते. मात्र पान संथ असेल, मोजणीचा कोड नीट बसवलेला नसेल किंवा कुकीची परवानगी नाकारली गेली असेल, तरीही अशीच तफावत पडते. म्हणून त्याच पानावर येणाऱ्या दुसऱ्या मोहिमेशी तुलना केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. सर्चच्या ६०० क्लिकांमागे ५६० सेशन होती, म्हणजे दोष पानात नव्हता. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये १० सेकंदांहून अधिक टिकलेली, दोन किंवा अधिक पाने पाहिलेली किंवा महत्त्वाची ठरवलेली कृती घडलेली भेट ‘एंगेज्ड सेशन’ मानली जाते. वस्तूचे पान उघडणे ही महत्त्वाची कृती ठरवलेली असेल, तर प्रत्येक भेट या व्याख्येत बसते आणि आकडा निरर्थक ठरतो. बाईंनी आधी पान उघडण्याला महत्त्वाच्या कृतींतून काढले. त्यानंतरच्या आठवड्यात सर्चच्या दर दहा भेटींपैकी सात एंगेज्ड निघाल्या. डिस्प्लेच्या शंभरांत सहासुद्धा नव्हत्या.

मग त्यांनी जाहिराती कुठे दिसल्या याचा, म्हणजे प्लेसमेंटचा, अहवाल काढला. सुमारे ३,७०० क्लिक मोबाइल अ‍ॅपमधून आले होते आणि त्यांत लहान मुलांचे खेळ व टॉर्चची अ‍ॅप सर्वाधिक होती. त्यांतला एक खेळ त्यांनी स्वतः खेळून पाहिला. फेरी संपताच ‘पुढे’ हे बटण असलेल्या जागी क्षणार्धात जाहिरात सरकून येई आणि दहा मिनिटांत त्यांचेच बोट तीनदा जाहिरातीवर पडले. (मोहीम सुरू करण्याआधी ही दहा मिनिटे फारसे कोणी देत नाही.)

अशा क्लिकांचे पैसे आपोआप परत मिळतील, असे मानणे ही आणखी एक चूक आहे. सलग दोनदा दाबल्यास दुसरा क्लिक गाळण्यासारखी व्यवस्था जाहिरात यंत्रणांत असते. परंतु खऱ्या माणसाने खऱ्या फोनवर एकदाच, पण नकळत केलेला क्लिक बाहेरून हेतुपूर्वक केलेल्या क्लिकासारखाच दिसतो, त्यामुळे पुष्कळ क्लिक गाळणीतून निसटतात.

उपाय करतानाही सुरुवातीला त्या चुकल्या. एकेक अ‍ॅप वगळायला घेतले, तर रोज नवी नावे उगवत राहिली. शेवटी अ‍ॅपचे वर्गच्या वर्ग वगळावे लागले. कन्व्हर्जन म्हणून फक्त पूर्ण झालेली ऑर्डर ठेवली. एक गोष्ट मात्र सहज सुटली असती. पुन्हा जाहिरात दाखवण्यासाठीच्या रीमार्केटिंग यादीत संकेतस्थळावर आलेला प्रत्येक जण जमा होत होता, म्हणजे चुकून आलेल्या मंडळींच्या मागे लागण्यासाठीही पैसे जात होते. ती यादी रद्द करून किमान दुसरे पान पाहिलेल्यांचीच नवी यादी केली.

पुढील महिन्यात निम्म्या खर्चात डिस्प्लेला ४५० क्लिक मिळाले, प्रत्येक क्लिक साडेचार पटींहून महाग पडला आणि ऑर्डर ४ आल्या. इतक्या थोड्या ऑर्डरवरून डिस्प्ले सुधारले असे म्हणता येत नाही, म्हणून बाईंनी उरलेला निम्मा खर्च सर्चकडे दिला आणि डिस्प्लेचा निर्णय आणखी दोन महिन्यांच्या आकड्यांवर सोडला.