सभेत स्लाइड हलक्या, टिपणात तपशील: या चुका टाळा

आमच्या सोसायटीत ३२ फ्लॅट. मोठ्या दुरुस्तीसाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलावली तेव्हा सादरीकरणाचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या मसुद्यात २७ स्लाइड होत्या आणि एका स्लाइडवर तर चार ठेकेदारांच्या दरांचा १९ ओळींचा तक्ता. तिसऱ्या रांगेतूनही तो वाचता आला नसता. मग ठरवलं, स्लाइड आठच ठेवायच्या आणि बाकीचं छापील टिपणात द्यायचं. निर्णय बरोबर होता. टिपण मात्र मी दोनदा चुकवलं.

पहिली चूक अगदी नेहमीची. पॉवरपॉइंटमध्ये प्रिंटला जाऊन `6 Slides Horizontal` निवडलं आणि निघालेल्या कागदालाच टिपण म्हटलं. हा कागद सभेत बसलेल्यालाही फारसा उपयोगी नाही आणि सभेला न आलेल्याला तर काहीच नाही. माझ्या स्लाइडवर ‘ठेकेदार ब: सर्वात योग्य’ एवढंच होतं, कारण ‘का’ ते मी तोंडी सांगणार होतो. कागद तोंडी काही सांगत नाही. टिपण वेगळ्या फाइलमध्ये, पूर्ण वाक्यांत लिहावं लागतं: ‘ठेकेदार अ चा दर कमी आहे, पण त्यात परांची धरलेली नाही. ती मिळवली की तो ब पेक्षा महाग पडतो.’ स्लाइडवरची एक ओळ टिपणात तीन वाक्यं होते, आणि त्या तीन वाक्यांसाठीच तर कागद छापायचा.

टिपण जमलंय का हे पाहायचं तर सभेला न येणाऱ्या एखाद्या सभासदाला ते आधी वाचायला द्या. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना मी तीन प्रश्न विचारले: तुम्हाला किती भरायचे आहेत, हाच ठेकेदार का, आणि रक्कम वाढू शकते का? पहिल्या खेपेला त्यांनी तिन्ही प्रश्न मलाच परत विचारले.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. स्लाइडवर खर्च २६.१० लाख होता आणि टिपणात ३०.८० लाख. दोन्ही आकडे खरे, एक जीएसटीशिवाय, दुसरा १८ टक्के जीएसटीसह. पण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. सभेच्या दोन दिवस आधी खजिनदारांच्या लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर ‘वरचे पावणेपाच लाख कुठे गेले?’ यावरच सभा संपली असती.

हिशोब असा होता. ४८० चौरस फुटांचे २० फ्लॅट आणि ६५० चे १२, म्हणजे एकूण १७,४०० चौरस फूट. वर्गणी क्षेत्रफळावर घ्यायची हे आधीच ठरलेलं. जीएसटीशिवाय चौरस फुटाला १५० रुपये पडतात, जीएसटीसह १७७. म्हणजे लहान फ्लॅटला ७२,००० ऐवजी ८४,९६० आणि मोठ्याला ९७,५०० ऐवजी १,१५,०५०. मोठ्या फ्लॅटवाल्याच्या खिशातून साडेसतरा हजार जास्त. सभासदाला एकूण खर्चापेक्षा हाच आकडा हवा असतो, आणि तो माझ्या एकाही स्लाइडवर नव्हता.

त्यानंतर मी एकच एक्सेल फाइल ठेवली आणि स्लाइड व टिपण दोन्हींतले आकडे तिथूनच घेतले. स्लाइडवर लाखांत आणि पूर्णांक (‘सुमारे ३१ लाख, जीएसटीसह’), टिपणात रुपयापर्यंत (३०,७९,८००). दोन्हीकडे ‘जीएसटीसह’ हा शब्द आकड्याला चिकटून ठेवायचा, तळटीपेत ढकलायचा नाही. टिपणाच्या डोक्यावर तारीखही घाला. दर बदलला की जुनी प्रत कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर जिवंत राहतेच.

आता सर्वात अवघड भाग: टिपणात काय टाकू नये. तपशील कागदावर ढकलायची सवय लागली की निर्णय फिरवणारी गोष्टही तिकडेच जाते. आमच्या अंदाजपत्रकात ६,००० चौरस फूट गिलावा नव्याने करायचा होता, आणि परिशिष्टातल्या अटींत एक ओळ होती: ‘देयक प्रत्यक्ष मोजमापानुसार’. बांधकामातल्या माणसाला यात नवल नाही. परांची चढली, हातोडीने ठोकून पाहिलं की पोकळ आवाजाचा गिलावा अंदाजापेक्षा जास्त निघतो आणि बिल वाढतं. म्हणजे ३१ लाख हा आकडा पक्का नव्हताच. ही ओळ परिशिष्टाच्या चौथ्या पानावर ठेवणं म्हणजे ती लपवणंच, मनात तसं नसलं तरी. ती मी खर्चाच्याच स्लाइडवर आणली: ‘गिलावा वाढला तर खर्च वाढेल. दर चौरस फुटाला, टिपण, तक्ता २.’

याचं सर्वात वाईट उदाहरण अवकाशातलं आहे. २००३ साली कोलंबिया यान उड्डाणात असताना, त्याच्या पंखावर आदळलेल्या फोमबद्दल नासाला एक स्लाइड दाखवली गेली. मथळा दिलासा देणारा होता. चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा आणि अंदाजात धरलेला १,९२० घन इंचांचा, ही गोष्ट मात्र अगदी शेवटच्या ओळीत होती. यान परतताना फुटलं, सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडची दखल घेतली. आमचा गिलावा कुठे आणि ते कुठे, पण खोड तीच.

उलट टोकाची चूक म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा अख्खा अहवाल झेरॉक्स करून वाटणं. टिपण दोन पानांचं असावं: पहिल्या पानावर ठराव आणि प्रत्येक फ्लॅटची वर्गणी, दुसऱ्यावर चार ठेकेदारांची तुलना. ऑडिट, मूळ कोटेशनं, अटी हे परिशिष्ट. त्याची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात आणि पीडीएफ ग्रुपवर. प्रत्येक तक्त्याला क्रमांक द्या आणि तोच स्लाइडच्या कोपऱ्यात लिहा. मग कोणी ‘हे कशावरून?’ म्हटलं की ‘तक्ता ३ बघा’ एवढ्यात भागतं.

वाटायचं कधी? विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. टिपण त्या नोटिशीसोबतच जावं. दारात हातात दिलंत तर तुम्ही बोलत असताना सगळे कागद उलटत बसतात आणि दुसऱ्या स्लाइडला सहाव्या स्लाइडवरचा प्रश्न येतो. आयत्या वेळीच द्यावं लागलं तर प्रोजेक्टर बंद ठेवून पाच मिनिटं वाचू द्या. ती शांतता थोडी अवघड वाटते, पण वेळ वाचतो.

छापताना एक गोष्ट. झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल नेऊ नका, पीडीएफ न्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटात टाइप केलेला मजकूर तिथल्या संगणकावर तो फाँट नसला की अगम्य चिन्हांत बदलतो. अक्षर १२ च्या खाली नको, आमच्यासारख्या सोसायटीत तर नकोच.

दुसरा मसुदा घेऊन मी पुन्हा काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या पानावर स्वतःच्या फ्लॅटसमोर बोट ठेवलं आणि विचारलं, “चौऱ्याऐंशी हजार नऊशे साठ. हप्त्यांनी चालतील का?” ते टिपणात नव्हतं. रात्री घातलं.