बोर्डाच्या अभ्यासाची सुरुवात करताना या चुका टाळ

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

दहावीच्या अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात तू घाबरून गेलीस, असे काकूने सांगितले. तुझ्या वहीचे फोटो पाहिल्यावर कारणही लक्षात आले: तू वाचतेस पुष्कळ, पण पुस्तक मिटून काहीच लिहीत नाहीस.

हीच चूक मी केली होती. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे प्रमेय मी इतक्या वेळा वाचले होते की ते कोणत्या पानावर आहे, हेसुद्धा डोळ्यांसमोर येई. पूर्वपरीक्षेत तेच प्रमेय आले. मी आकृती काढली, पक्ष आणि साध्य लिहिले, आणि ‘रचना’ या शब्दापाशी माझा हात थांबला. शिरोबिंदूंतून लंब टाकायचे असतात, एवढे अंधूक आठवत होते, पण ते कशासाठी, हे मी स्वतःला कधी विचारलेच नव्हते. क्षेत्रफळ काढायला पाया आणि उंची लागते, म्हणून △ABC मध्ये AD आणि △PQR मध्ये PS हे लंब हवेत. मग क्षेत्रफळांचे गुणोत्तर (BC × AD) / (QR × PS) असे होते. △ABD आणि △PQS हे को-को कसोटीने समरूप असल्यामुळे AD / PS = AB / PQ, आणि मूळ त्रिकोण समरूप असल्यामुळे तेच BC / QR, म्हणून उत्तर BC² / QR² येते. कारण कळले की पाठ करण्यासारखे फारच थोडे उरते.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. प्रमेय एकदा समजून वाचायचे, पुस्तक मिटायचे आणि कोऱ्या कागदावर विधानापासून लिहायला लागायचे. जिथे अडेल तिथे खूण करून पुस्तकातली तेवढीच ओळ पाहायची, पुन्हा मिटायचे आणि पहिल्यापासून लिहायचे. तीन दिवसांनी तेच पुन्हा करायचे, कारण त्याच दिवशी आलेल्या उत्तरावर माझा विश्वास नसतो. गाईडमधील तयार उत्तर समोर ठेवून उतरवून काढणे हा अभ्यास नव्हे, कितीही सुवाच्य अक्षरात आणि चार रंगांच्या पेनांनी उतरवले तरी.

दुसरी चूक घाईची आहे. भूमितीची लेखी परीक्षा 40 गुणांची आणि दोन तासांची असते, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे मिळतात, हे ऐकून तू आतापासूनच घड्याळ लावून सराव प्रश्नपत्रिका सोडवतेस. प्रकरण न समजता लावलेल्या घड्याळाने वेग वाढत नाही, केवळ भीती वाढते. प्रकरण पुस्तकाशिवाय लिहिता आले की मगच घड्याळ लाव.

वेळापत्रकात तास लिहू नकोस, प्रमेय किंवा उदाहरणसंग्रह लिही.

येत्या रविवारी हेच प्रमेय कोऱ्या कागदावर लिहून पाहा आणि हात नेमका कोणत्या ओळीवर थांबला, तेवढे मला कळव.

तुझी,
ताई