इंटिमेट वॉश बंद करायचा असेल तर

बाटलीवर ‘पीएच संतुलित’ असं लिहिलेलं असलं की वाटतं, हे वापरलं नाही तर आत काहीतरी बिघडेल. तसं होत नाही. पीएच म्हणजे आम्लता मोजायची ० ते १४ अशी पट्टी. ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी. पाळी येण्याच्या वयात योनीमार्गाचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ असतो. तिथले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करून तो राखतात आणि त्रासदायक जिवाणूंना वाढू देत नाहीत. पाळीच्या रक्ताने किंवा वीर्याने तो थोडा वेळ चढतो, मग आपोआप उतरतो. बाहेरून लावलेल्या वॉशने हे काम होत नाही. आत पाण्याचा फवारा मारणं तर टाळायलाच हवं, कारण त्यात हेच उपयोगी जिवाणू धुऊन जातात आणि संसर्गाची शक्यता वाढते.

म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ सहसा सांगतात की धुवायचं ते फक्त बाहेरचं अंग, तेही दिवसातून एकदा, कोमट पाण्याने आणि हाताने. घासणी नको. साबण लागतच असेल तर सौम्य, बिनवासाचा घ्या आणि तो बाहेरच ठेवा. नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो, त्यामुळे नाजूक त्वचा कोरडी पडते. धुताना हात पुढून मागे न्या, नंतर मऊ कापडाने टिपून घ्या.

समजा, खाज येते म्हणून एखादीने सुवासिक वॉश सुरू केला. आठवड्याभरात आग वाढली, म्हणून ती तो दोनदा वापरू लागली. इथे वॉशच त्रास देत असण्याची शक्यता मोठी आहे. तिने आधी वॉश, सुवासिक वाइप्स आणि सुवासिक पॅड एकदम थांबवावेत, सुती अंतर्वस्त्रं वापरावीत आणि दोन आठवडे नुसत्या पाण्यावर राहावं. खाज वॉशमुळे असेल तर ती हळूहळू उतरते.

उतरली नाही, तर कारण वेगळं आहे. अंगावरून दह्याच्या गाठींसारखं पांढरं जाऊन खूप खाज असेल तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो आणि त्यात पीएच बऱ्याचदा नेहमीसारखाच राहतो. पातळ, करडट स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर जिवाणूंचा समतोल बिघडलेला असतो, पीएच ४.५ च्या वर जातो. दोन्हींची औषधं वेगळी आहेत आणि नुसत्या लक्षणांवरून अंदाज बऱ्याचदा चुकतो, म्हणून स्वतःहून औषध आणू नका. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा पाळीशिवाय रक्त दिसलं तर दोन आठवडे थांबायचंच नाही. गरोदर असाल तरीही लगेच दाखवा. डॉक्टरांकडे जाण्याआधी निदान २४ तास आत धुऊ नका आणि क्रीमही घालू नका, नाहीतर तपासणीसाठी घेतलेला नमुना दिशाभूल करतो.