गोटा टायर म्हणजे स्लिक नव्हे: टायर निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

टायरच्या दुकानात गेलात की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ग्रिप संपली, टायर बदला." इथे ग्रिप म्हणजे टायरवरची नक्षी. बोलायला शब्द सोयीचा आहे, पण अर्ध्याहून जास्त चुका या एका शब्दातूनच सुरू होतात. रस्ता धरून ठेवतं ते रबर. नक्षीचं काम रबराखालचं पाणी बाजूला काढणं, एवढंच. कोरड्या रस्त्यावर नक्षीमुळे पकड वाढत नाही, उलट खाचांची जागा रिकामी राहते आणि तेवढं रबर रस्त्याला लागत नाही. म्हणून रेसिंगच्या स्लिक टायरवर नक्षी नसते, झीज मोजायला फक्त काही बारीक भोकं ठेवलेली असतात.

हे पटलं की लगेच एक धोकादायक तर्क पुढे येतो.

चूक पहिली: "टायर गोटा झालाय, म्हणजे कोरड्यात जास्तच धरेल"

उन्हाळ्यात हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. स्लिक गुळगुळीत असतो, झिजलेला टायरही गुळगुळीत असतो, मग फरक काय? फरक रबरात आहे. स्लिकचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं आणि तापल्यावरच ते कामाला येतं. फॉर्म्युला वनच्या स्लिकला साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, म्हणून गाडी पिटमधून, म्हणजे ट्रॅकशेजारच्या टायर बदलायच्या जागेतून, निघण्याआधीच टायर विजेच्या ब्लँकेटमध्ये गरम केलेले असतात. तापलेल्या स्लिकला बोट लावलं तर ते चिकटतं. ट्रॅकवरचे बारीक खडे त्याला असे चिकटून बसतात की पत्र्याने खरवडून काढावे लागतात.

रस्त्याच्या टायरचं रबर याच्या उलट हिशेबाने बनवतात. ते ४० हजार किलोमीटर टिकायला हवं, पहाटेच्या गारठ्यातही धरायला हवं आणि पेट्रोलही कमी प्यायला हवं. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात. १९९०च्या दशकात रबरात काजळीऐवजी मोठ्या प्रमाणावर सिलिका मिसळायला सुरुवात झाली, त्यातून हा पेच बराचसा सुटला. ८० च्या वेगाला गाडीचं चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे मारतं आणि प्रत्येक फेऱ्यात टायर एकदा दबतो. या सावकाश दबण्यात रबराने ऊर्जा वाया घालवू नये, नाहीतर पेट्रोल जातं. पण डांबरातली बारीक खडी त्याच रबराला सेकंदाला हजारो वेळा टोचत असते. तिथे मात्र रबराने ऊर्जा गिळायला हवी, कारण पकड त्यातूनच येते. सिलिका घातलेलं रबर ही दोन्ही कामं बऱ्यापैकी करतं.

आता असा टायर झिजून गोटा झाला की काय उरतं? खालचा पातळ थर, त्यातही वर्षानुवर्षं उन्हात राहून कडक झालेलं रबर. ते स्लिकइतकं मऊ नसतं, त्याच्यात पाणी काढायची सोय नसते आणि खिळा शिरायला अंतरही थोडंच उरलेलं असतं.

नक्षी आणि रबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सगळ्यात स्पष्ट मला एका शर्यतीत दिसलं. १० ऑक्टोबर २०२१, इस्तंबूलची फॉर्म्युला वनची तुर्की ग्रां प्री. ट्रॅक सुरुवातीपासून ओलसर होता, पाणी साचलेलं नव्हतं, पण वाळतही नव्हता. सगळ्या गाड्या इंटरमीडिएट टायरवर होत्या, म्हणजे कमी पाण्यासाठीचे, हलक्या नक्षीचे टायर. एस्तेबान ओकॉनने टायर न बदलता एकाच सेटवर सगळी शर्यत पूर्ण केली आणि दहाव्या क्रमांकाचा एक गुण मिळवला. शेवटी त्याच्या टायरवर नक्षी जवळपास राहिली नव्हती. त्याच शर्यतीत सेबास्टियन फेटलने मध्येच स्लिक लावून पाहिले. त्याला गाडी ट्रॅकवर ठेवणंही जमेना. तो लगेच परत आला आणि पुन्हा इंटरमीडिएट लावून गेला.

दोन्ही टायर दिसायला गुळगुळीत. पण ओकॉनच्या टायरचं रबर कमी तापमानात काम करायला बनवलेलं होतं आणि ते चालून चालून तापलेलं होतं. फेटलच्या स्लिकला जी उष्णता हवी होती ती ओला, थंड ट्रॅक मिळूच देत नव्हता. रबर थंड म्हणून पकड नाही, पकड नाही म्हणून वेग नाही आणि वेग नाही म्हणून रबर तापत नाही. या फेऱ्यात अडकलेला स्लिक चालवून चालवून बरा होत नाही. ओकॉनचं उदाहरण पुढे करून कोणी गोटा टायरवर पावसात निघू नये. त्याच्या टायरच्या कडेचं रबर शेवटी पार संपलं होतं, आणि ट्रॅकवर साचलेलं पाणी असतं तर त्याला आधीच टायर बदलावे लागले असते.

चूक दुसरी: ट्रॅकवर वापरलेले सेमी-स्लिक स्वस्तात घेणं

हे माझ्या घरच्या गाडीवर घडलं. एका ओळखीच्याकडे सेमी-स्लिकचा, म्हणजे स्लिकच्या जवळ जाणाऱ्या पण रस्त्यावर चालणाऱ्या टायरांचा सेट होता, ट्रॅकवर गाडी पळवायच्या दिवशी वापरलेला. नक्षी आधीच कमी असते यात, पण जी होती ती जवळपास पूर्ण शिल्लक दिसत होती. भाव निम्मा. आम्ही घेतले. ऑगस्टमध्ये ताम्हिणी घाटात, रिमझिम पावसात, ताशी ४० च्या आतबाहेर असताना एका साध्या वळणावर स्टिअरिंग वळवलं आणि गाडीचं नाक सरळच जात राहिलं. समोरून काही येत नव्हतं म्हणून निभावलं.

घरी येऊन टायर नीट पाहिले. अंगठ्याचं नख रबरात रुततच नव्हतं. पृष्ठभागाला एक चकाकी आली होती. असे टायर झिजून संपण्याआधी तापून संपतात. रबर प्रत्येक वेळी तापून थंड झालं की थोडं कडक होत जातं. त्यामुळे नक्षी किती उरली हे पाहून त्यांचा अंदाज लागत नाही. शिवाय नवे असते तरी घाटातल्या बावीस-तेवीस अंशांच्या ओल्या रस्त्यावर ते त्यांच्या तापमानाच्या जवळपासही पोचले नसते.

वापरलेला कुठलाही टायर घेताना दोन गोष्टी बघा. नख रुतवून पाहा, आणि शेजारी माहीत असलेला नवा टायर ठेवून तुलना करा, म्हणजे फरक हाताला कळतो. मग बाजूच्या भिंतीवर `DOT` ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. `3521` म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा.

चूक तिसरी: पावसात हवा कमी करणं

"रेसवाले हवा कमी ठेवतात, पकड वाढते" हे वाक्य अर्धं खरं आहे. ट्रॅकवर हवा कमी ठेवून निघतात, कारण टायर चांगलाच तापतो आणि आतली हवा प्रसरण पावून पाहिजे तेवढा दाब आपोआप येतो. रस्त्यावर, त्यातही पावसात, टायर तसा तापत नाही. कमी ठेवलेली हवा कमीच राहते.

आणि साचलेल्या पाण्यात तर तिचा थेट तोटा होतो. नासाच्या संशोधकांनी १९६३ साली विमानाच्या टायरसाठी एक ठोकळ सूत्र मांडलं. पुरेसं खोल पाणी असेल आणि ते बाहेर काढायला नक्षी कामी येत नसेल, तर टायर कुठल्या वेगाला पाण्यावर तरंगायला लागेल ते त्यातून निघतं. ताशी किलोमीटरमध्ये ते साधारण असं होतं:

`V = 16.7 × √p`

यात p म्हणजे psi मधली हवा. ३३ psi ला उत्तर येतं ताशी ९६ किमी. तीच हवा २५ वर आणली तर ८३.५ किमी. सूत्र विमानाचं असल्यामुळे तुमच्या गाडीसाठी हे आकडे तंतोतंत नाहीत, पण दिशा तीच राहते. हवा कमी केली की टायर कमी वेगालाच रस्ता सोडतो. पावसाळ्यात दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा ठेवा, आणि टायर थंड असताना मोजा.

आता नक्षीकडे येऊ, कारण साचलेल्या पाण्यात तिचं काम सुरू होतं. १८५ मिमी रुंदीचा टायर, रस्त्यावर ३ मिमी पाणी, वेग ८०. गुणाकार केला तर एका पुढच्या टायरसमोर सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी येतं, म्हणजे जवळजवळ एक बादली. ते सगळं लांब खाचांमधून मागे आणि आडव्या खाचांमधून बाजूला जायला हवं. उरलेला पातळ पापुद्रा बारीक चिरा पुसून घेतात. फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ३०० च्या वेगाला सेकंदाला ८५ लिटर काढतो असं तो बनवणारी पिरेली कंपनी सांगते. त्याच्या खाचा किती खोल आणि रुंद असतात हे यावरून लक्षात येईल.

म्हणूनच १.६ मिमीचा नियम पावसात पुरेसा नाही. खाचेच्या तळाशी जी १.६ मिमी उंचीची छोटी पट्टी असते, ती झिजलेल्या पृष्ठभागाला टेकली की कायद्याने कारचा टायर संपला. नवा टायर सुमारे ८ मिमीचा असतो. माझ्या गाडीचे टायर ३ मिमीला आले की मी जून उजाडायच्या आत बदलतो. कोरड्यात त्यांची अजून काही तक्रार नसते, पण पाणी वाहून न्यायला खाचेत जागाच उरलेली नसते.

चूक चौथी: "मग पावसाळी रेसिंग टायरच लावू, बारा महिने"

खोल नक्षीचा टायर कोरड्यात का चालत नाही हे नव्या, मऊ टायरवर हात फिरवला की कळतं. नक्षीचे ठोकळे बोटाने ढकलले तर हलतात. खाच जितकी खोल, तितका ठोकळा उंच आणि डळमळीत. कोरड्या रस्त्यावर वळताना तो वाकतो, घासतो, तापतो. पावसाळी टायरचं मऊ रबर थंडीसाठी बनवलेलं, म्हणून ते लवकर जास्त तापतं आणि ठोकळ्यांच्या कडा फाटायला लागतात. शर्यतीत ट्रॅक वाळू लागला की पावसाळी टायरवरचे चालक सरळ रस्त्यावर मुद्दाम ओल्या भागातून गाडी नेतात, टायर गार ठेवायला.

रस्त्याच्या टायरवर झिजेची अशी खूण दिसली, म्हणजे ठोकळ्यांची एक कड टोकदार आणि दुसरी गोलसर, तर दोष बहुतेक वेळा चाकांच्या अलाइनमेंटचा असतो. तळवा एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलट्या दिशेने खरखरतं. नवे टायर टाकण्याआधी अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नव्या टायरांचंही तेच होईल.

टायर बसवून झाले की दुकानातून निघण्याआधी चारही चाकांच्या भिंती वाचा. `ROTATION` आणि बाण असेल तर तो पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेला हवा. उलटा बसला तर त्या टायरच्या खाचा पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढतात. `OUTSIDE` लिहिलेली बाजू बाहेरूनच दिसायला हवी. आणि दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे टाकायला सांगा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरीही. दुकानदार बहुतेकदा पुढे टाकायला बघतो. पण ओल्या वळणावर पुढचे सुटले तर ॲक्सिलेटर हळूहळू कमी करून गाडी ताब्यात येते. मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही.