सीआयसी फिल्टरने मोठे डेसिमेशन करताना या चुका टाळा

लातूर-बीड भागातील साखर कारखान्यांत गाळप हंगामात मिलच्या बेअरिंगचे कंपन मोजणारे उपकरण हा आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील आवडता प्रकल्प आहे. त्यात सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटरकडून एका बिटचा वेगवान प्रवाह येतो आणि तो एफपीजीए किंवा मायक्रोकंट्रोलरवर सीआयसी फिल्टरने मंद करून घेतला जातो. अशाच एका मांडणीचे आकडे येथे घेतले आहेत. मॉड्युलेटर दुसऱ्या क्रमाचा असून त्याचे घड्याळ २.५६ मेगाहर्ट्झचे आहे, डेसिमेशन R = २५६ आहे, म्हणजे बाहेर सेकंदाला १०,००० नमुने मिळतात, आणि फिल्टरचे टप्पे N = ३ आहेत. बेअरिंगसाठी २.५ किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा हवा आहे.

युजीन होगेनॉर यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या रचनेत गुणक लागत नाही. वेगवान बाजूला तीन इंटिग्रेटर म्हणजे केवळ तीन बेरजा असतात, त्यानंतर दर २५६वा नमुना उचलला जातो आणि मंद बाजूला तीन कॉम्ब म्हणजे तीन वजाबाक्या होतात. रचना सोपी असल्यामुळेच चुका तिच्या आत न होता तिच्या कडेला, म्हणजे रजिस्टरची रुंदी ठरवताना आणि बाहेर आलेल्या नमुन्यांचा अर्थ लावताना होतात.

इंटिग्रेटरचे ओव्हरफ्लो थांबवू नका

सिम्युलेशनमध्ये इंटिग्रेटरचा आकडा वाढत वाढत कमाल मर्यादेला पोहोचतो आणि एकदम उणे होतो, हे पाहून अनेक जण तेथे सॅच्युरेशन बसवतात, आणि फिल्टर तेथेच मरतो. सेन्सरमध्ये पूर्ण मापाच्या फक्त एक टक्का स्थिर ऑफसेट असला, तरी तिसऱ्या इंटिग्रेटरमधील आकडा साधारणपणे नमुन्यांच्या संख्येच्या घनाप्रमाणे वाढतो आणि २६ बिटची मर्यादा सुमारे २,७०० नमुन्यांत, म्हणजे जवळपास एका मिलिसेकंदात गाठतो. आकडा तेथे अडकला की कॉम्बला दोन सारख्या किमतींची वजाबाकी मिळते. म्हणून बाहेर पहिले दहाएक नमुने ठीक दिसतात आणि पुढे शून्य येत राहते. हे लक्षण दिसले की पहिला संशय सॅच्युरेशनवर घ्यावा. शून्य सरासरीच्या छोट्या साइन लहरीवर चाचणी घेतली तर मात्र ही चूक लपून राहू शकते, त्यामुळे चाचणीत स्थिर ऑफसेट मुद्दाम घालावा.

टूज कॉम्प्लिमेंट अंकगणितात आकडा गुंडाळला गेला तरी दोन किमतींमधील फरक बरोबरच निघतो. गाडीचा पाच अंकी किलोमीटर मीटर ९९,९९८ वरून ००,००३ वर गेला, तरी प्रवास ५ किलोमीटरचाच असतो, तसे हे आहे. अट एकच, की फिल्टरचे अंतिम उत्तर त्या रुंदीत मावले पाहिजे.

सी भाषेत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. चिन्हयुक्त पूर्णांकाच्या ओव्हरफ्लोची त्या भाषेत हमी नसते, त्यामुळे कंपायलर ऑप्टिमायझेशन करताना काहीही गृहीत धरू शकतो. म्हणून बेरजा चिन्हरहित प्रकारात कराव्यात आणि कॉम्बनंतरच उत्तर चिन्हयुक्त म्हणून वाचावे.

```c
uint32_t x = bit ? 1u : 0xFFFFFFFFu;  /* +1 / -1 */
i1 += x;  i2 += i1;  i3 += i2;
```

फ्लोटिंग पॉइंट वापरून यातून सुटका होत नाही. तेथे आकडा गुंडाळला जात नाही, तो वाढतच राहतो, आणि एका टप्प्यानंतर नवीन नमुन्याचे बारीक बिट गळू लागतात.

रुंदी अंदाजाने ठरवू नका

या फिल्टरचा एकूण लाभ R च्या N व्या घाताइतका, म्हणजे येथे २५६ चा घन = २²⁴ आहे. म्हणून शब्दलांबी २४ बिटने वाढते. आत येणारा नमुना +१ किंवा −१ असल्याने त्यालाच २ बिट लागतात, आणि एकूण रुंदी २६ बिट होते. २५ बिटमध्ये −२²⁴ मावते, पण +२²⁴ मावत नाही.

समजा, कोणी २४ बिटच ठेवले. मग अर्ध्या मापापर्यंतचा सिग्नल अगदी बरोबर येतो आणि त्यापुढे उत्तर धनाच्या टोकावरून थेट ऋणाच्या टोकावर उडी मारते. टेबलावर सेन्सरला बोटाने टिचकी मारून पाहताना सगळे ठीक दिसते आणि चालू मिलवर बसवल्यावर आलेखात उभ्या रेषा येतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. R चालू असताना बदलता येणारा असेल, तर रुंदी सर्वांत मोठ्या R साठी धरावी लागते.

घसरण भरून काढली म्हणजे काम झाले, असे समजू नका

पासबँडमध्ये या फिल्टरचा प्रतिसाद सपाट नसतो. आपल्या मांडणीत १.२५ किलोहर्ट्झला ०.६७ डेसिबल आणि २.५ किलोहर्ट्झला २.७ डेसिबल घसरण होते. म्हणजे पट्ट्याच्या टोकाला १०० चे कंपन ७३ दिसते, आणि बेअरिंग आहे त्यापेक्षा निरोगी भासते. ही घसरण भरून काढण्यासाठी तीन गुणांकांचा छोटा एफआयआर अनेकदा पुरतो:

```
[-1/8, 10/8, -1/8]
```

N टप्प्यांसाठी कडेचा गुणांक −N/24 घ्यावा आणि मधला असा ठेवावा की तिघांची बेरीज १ होईल. N = ३ ला तो नेमका १/८ येतो, त्यामुळे येथेही गुणक न लागता शिफ्ट आणि बेरीज पुरते. हा एफआयआर डेसिमेशननंतरच्या मंद दरावर चालवावा. तो २.५६ मेगाहर्ट्झच्या बाजूला लावला, तर पासबँडमध्ये त्याचा काहीही परिणाम दिसत नाही. १.२५ किलोहर्ट्झपर्यंत तो घसरण ०.०६ डेसिबलवर आणतो, पण २.५ किलोहर्ट्झला ०.८ डेसिबल शिल्लकच राहते.

तेथे मोठा एफआयआर लावून उरलेली घसरणही मिटवता येईल, परंतु खरी अडचण एलियासिंगची आहे आणि ती कोणत्याही भरपाईने हटत नाही. मिलच्या मोटरला व्हीएफडी आहे आणि त्याची स्विचिंग वारंवारता ८ किलोहर्ट्झ आहे, असे धरू. १० किलोहर्ट्झच्या दरावर ती २ किलोहर्ट्झला येऊन बसते. तेथील खऱ्या सिग्नलच्या तुलनेत फिल्टर तिला (८/२)³, म्हणजे ६४ पट दाबतो. भरपाईचा एफआयआर दोन्हींना सारखेच वर उचलतो, त्यामुळे हे ६४ चे गुणोत्तर जसेच्या तसे राहते. २.५ किलोहर्ट्झच्या टोकाला तर ते फक्त २७ आहे. बारीक दोष शोधण्यासाठी माझ्या मते हे पुरेसे नाही.

उपाय असा, की सगळे डेसिमेशन सीआयसीच्या गळ्यात घालू नये. R = ६४ ठेवून ४० किलोहर्ट्झवर थांबावे आणि पुढे दोन हाफबँड फिल्टरने दोनदा निम्मे करून १० किलोहर्ट्झवर यावे. ८ किलोहर्ट्झची रेषा आता दुसऱ्या हाफबँडने कापायची आहे. सीआयसीला मात्र ३७.५ किलोहर्ट्झ आणि २.५ किलोहर्ट्झ यांचेच गुणोत्तर सांभाळायचे असते, आणि ते १५ चा घन म्हणजे ३,३७५, अर्थात सुमारे ७० डेसिबल आहे. टोकाची घसरण ०.१७ डेसिबलवर येते, वरील तीन गुणांक ४० किलोहर्ट्झवर चालवले की ती जवळजवळ नाहीशी होते, आणि इंटिग्रेटरची रुंदीही २६ वरून २० बिटवर उतरते. दोन हाफबँडचे गुणक हा याचा खर्च.

जुन्या मांडणीतील २ किलोहर्ट्झची रेषा खरी आहे की एलियास, हे ओळखण्यासाठी घड्याळ एक टक्क्याने वाढवून पाहावे. दर १०.१ किलोहर्ट्झ झाला की खरी रेषा २ किलोहर्ट्झवरच राहते आणि व्हीएफडीची एलियास २.१ किलोहर्ट्झवर सरकते. स्पेक्ट्रमचा अक्ष मात्र नव्या दराने आखलेला असला पाहिजे, नाहीतर खरी रेषाच हललेली दिसेल.