पवनचक्कीवरची इंडक्शन मोटर: १४४० ला ग्रिडला जोडू नका

मुंबईत गच्चीवरच्या छोट्या पवनचक्कीला कधीकधी जनरेटर म्हणून साधी थ्री-फेज इंडक्शन मोटर लावली जाते. समजा ती २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, चार पोल, १४४० आरपीएमची आहे. नेमप्लेटवरचा १४४० हा वेग मोटर म्हणून पूर्ण भार ओढतानाचा. ५० हर्ट्झला तिचा सिंक्रोनस वेग १५०० आहे आणि वीज त्याच्या वर गेल्यावरच बाहेर पडते. पूर्ण भाराला साधारण १५६० लागतात, म्हणजे स्लिप s, सिंक्रोनस वेगापासूनचा फरक, उणे चार टक्के:

```
s = (1500 − 1560) / 1500 = −0.04
```

पुलीचं गुणोत्तर १४४० धरून काढलं तरी फारसं बिघडत नाही, कारण एकदा जोडल्यावर वेग ग्रिडच ठरवते. खरं नुकसान होतं ते ठरल्या वेगाला कॉन्टॅक्टर बसवून मशीन ग्रिडला जोडणारा स्पीड रिले १४४० ला लावल्याने. वारा मंद असताना कॉन्टॅक्टर बसतो, मशीन मोटर बनून वेग १४९० च्या आसपास नेते आणि मीटरवरची वीज खर्चून पाती फिरवत राहते. वारा पडला तरी वेग १४४० च्या खाली येत नाही, त्यामुळे रिले सुटतच नाही. पावसाळ्याबाहेर, संध्याकाळी वारा पडल्यावर असं रात्रभर चालू शकतं.

क्लॅम्प मीटरने हे कळत नाही. १४८५ ला मशीन सुमारे अर्धा किलोवॅट खाते, १५१५ ला साधारण तेवढीच देते. अँपिअर मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे, कारण त्यात मोठा वाटा चुंबकीकरणाच्या प्रवाहाचा. दिशा दाखवणारा वॉटमीटर आणि टॅकोमीटर, दोन्ही हवेत.

म्हणून जोडणी वेगावर ठेवा, १४९० ते १५०० दरम्यान, आणि तोडणी वॉटवर: ग्रिडकडून १०० वॉट सलग अर्धा मिनिट ओढले की कॉन्टॅक्टर सुटावा. हा अवधी ठेवला नाही तर झुळकेगणिक कॉन्टॅक्टर खडखडत राहतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळतात.

दुसरी चूक पॉवर फॅक्टर सुधारायचे कपॅसिटर थेट मशीनच्या टर्मिनलला जोडण्याची, आणि ती जास्त धोक्याची. या मशीनचा बिनभाराचा प्रवाह २.३ अँपिअर मोजला, तर:

```
1.732 × 415 × 2.3 ≈ 1650 VAR
```

याच्या ९० टक्के, म्हणजे सुमारे १.५ केव्हीएआर, ही पॉवर फॅक्टर सुधारणेची कमाल मर्यादा. ग्रिड गेली की मशीनचा रोध संपतो आणि पाती सुसाट सुटतात. तेव्हा टर्मिनलला कपॅसिटर जोडलेलेच राहिले, तर वाढलेल्या वेगाला एवढेही पुरतात: मशीन स्वतःच उत्तेजित होऊन ४१५ च्या बरीच वर व्होल्टेज देऊ शकते. म्हणून कपॅसिटर कॉन्टॅक्टरच्या ग्रिडकडच्या बाजूला, स्वतःच्या स्विचसह बसवा. ब्रेक स्प्रिंगने लागणारा आणि विजेने सुटणारा घ्या, म्हणजे पुरवठा गेल्याक्षणी तो आपोआप लागेल. वीज कंपनीची लेखी परवानगी मिळेपर्यंत ग्रिडला काहीही जोडू नका.